झाडं, दोरी आणि दर वेळी एकाने चुकणारं उत्तर

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी जोरात सुरू झाली की पालकांची एक तक्रार ठरलेली असते. "बाई, भागाकार बरोबर येतो, पाढे तोंडपाठ आहेत, तरी त्या झाडांच्या गणितात एकाने चुकतोच. काल समजावून सांगितलं, आज परत तेच." चूक एकाचीच असते, म्हणून घाईत झाली असेल असं वाटतं आणि सोडून दिली जाते. पण परीक्षेत चार पर्यायांमध्ये १९, २० आणि २१ हे तिन्ही शेजारी शेजारी बसलेले असतात. चुकलेलं उत्तर पर्यायांत सापडतं, मुलाला ते बरोबर वाटतं आणि तो निश्चिंतपणे पुढे जातो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत हे तीन दिवस ओळीने घडलं. पहिल्या दिवशीचं गणित होतं: १०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या कडेने दर ५ मीटरवर एक झाड आहे, दोन्ही टोकांना झाडं आहेत, तर एकूण झाडं किती? तिने २० लिहिलं. घरी सांगितलं गेलं, "अगं, एक मिळवायचा असतो." दुसऱ्या दिवशी: १०० मीटर दोरीचे ५ मीटरचे सारखे तुकडे करायचे आहेत, किती ठिकाणी कापावं लागेल? तिने आठवणीने एक मिळवला आणि २१ लिहिलं. "दोरीला वजा करायचा असतो," अशी दुरुस्ती झाली. तिसऱ्या दिवशी: त्याच दोरीचे ५ मीटरचे किती तुकडे होतील? तिने १९ लिहिलं.

तिन्ही वेळा तिने १०० ला ५ ने भागलं आणि तिन्ही वेळा भागाकार बरोबर होता. बरोबर उत्तरं मात्र २१, १९ आणि २० अशी होती. मिळालेला नियम ती दर वेळी प्रामाणिकपणे पाळत होती. फक्त तो नियम "झाड" आणि "दोरी" या शब्दांना चिकटला होता. म्हणूनच ही चूक दुरुस्त करूनही परत येते: आपण उत्तर दुरुस्त करतो, पण "ते २० म्हणजे नेमके २० काय?" हे मुलाला विचारतच नाही.

ते २० म्हणजे झाडं नव्हेत. १०० मीटरमध्ये ५ मीटरचे २० भाग बसतात, एवढंच भागाकार सांगतो. दोन खांबांमधल्या जागेला आपल्याकडे गाळा म्हणतात, तोच शब्द मी वर्गात वापरते. भागाकार नेहमी गाळे देतो. प्रश्नात कधी गाळेच विचारलेले असतात, कधी गाळ्यांच्या कडेच्या खुणा. मुलांना गाळा म्हटलं की बाजारातलं दुकान आठवतं, आणि तेही इथे कामाला येतं. एका ओळीत एकमेकांना लागून सहा गाळे बांधले तर आडव्या भिंती किती लागतील? मधली प्रत्येक भिंत दोन दुकानांची सामाईक, शिवाय दोन टोकांच्या भिंती. सात. हे मुलं बोट नाचवत मोजतात आणि त्यांना पटतं, कारण शेवटच्या दुकानाला एका बाजूने भिंतच नाही हे त्यांना चालत नाही.

आधी कंपासपेटीतली पट्टी काढा

सूत्र सांगण्याआधी मी मुलांना १५ सेंटिमीटरची पट्टी हातात घ्यायला लावते. "आकडे लिहिलेल्या मोठ्या रेघा किती?" जवळजवळ सगळे न मोजता १५ सांगतात. मग बोट ठेवून मोजायला लावायचं. इथे एक गंमत नीट बघा: बरीच मुलं बोट १ वर ठेवून मोजायला सुरुवात करतात आणि परत १५ वरच पोचतात. लगेच चूक सांगू नका. "शून्यावर रेघ नाही का?" एवढंच विचारा. बोट मागे शून्यावर जातं, परत मोजणी होते आणि १६ येतात. ज्या मुलाचं बोट १ वरून सुरू झालं, त्याची झाडांच्या गणितातली चूक नेमकी तीच असते: रस्त्याच्या सुरुवातीचं झाड त्याच्या मोजणीत येतच नाही.

आता पट्टी म्हणजे रस्ता आणि रेघा म्हणजे झाडं समजा. झाडं १६, गाळे १५. मग हीच पट्टी दोरी समजा आणि प्रत्येक सेंटिमीटरला कापायची असं म्हणा. तुकडे १५. कात्री कुठे कुठे लावली? १ वर, २ वर, असं करत १४ पर्यंत. शून्यावर आणि १५ वर कापायला काही नाहीच, तिथे दोरी आधीच संपलेली आहे. म्हणजे काप १४. एकाच पट्टीवर १६, १५ आणि १४ हे तिन्ही आकडे दिसले, आणि मिळवायचा की वजा करायचा हे टोकांवर ठरतं, हेही दिसलं. काही पट्ट्यांना शून्याच्या अलीकडे थोडी मोकळी कड असते. ती बोटाने झाकायला सांगा, नाहीतर एखादा चौकस मुलगा तिथेही काप देतो, आणि त्याचं म्हणणं बरोबरच असतं.

यानंतर वहीत एकच सवय लावायची. भागाकाराचं उत्तर नुसतं "२०" लिहायचं नाही, "२० गाळे" असं लिहायचं. शब्द लिहिल्याशिवाय पुढची ओळ नाही. दोरीच्या गणितात तोच गाळा म्हणजे तुकडा, म्हणून तिथे "२० तुकडे". मग प्रश्न परत वाचायचा: मला गाळे विचारलेत की खुणा? खुणा विचारल्या असतील तर टोकांकडे बघायचं. दोन्ही टोकांना खूण असेल तर गाळ्यांपेक्षा एक जास्त, एकाच टोकाला असेल तर गाळ्यांइतक्याच, कुठल्याच टोकाला नसेल तर एक कमी.

टोकांची माहिती प्रश्नात बहुतेक वेळा उघड दिलेली नसते. "६० मीटर अंतरावरच्या दोन विजेच्या खांबांच्या मध्ये दर ५ मीटरवर एक झाड लावलं" असं असेल, तर टोकांच्या जागा खांबांनी अडवल्या आहेत. गाळे १२, झाडं ११. "फाटकापासून रस्त्याच्या शेवटापर्यंत, फाटकाजवळ झाड न लावता" असं असेल तर १२ च झाडं. म्हणून वाचताना "मध्ये", "पासून", "पर्यंत", "टोकाला" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगते.

"दोन्ही बाजूंना" आणि "दोन्ही टोकांना"

हे दोन शब्द मुलं सर्रास एकच समजतात, आणि मोठी माणसंही घाईत समजतात. टोक म्हणजे रस्ता जिथे सुरू होतो आणि संपतो ते. बाजू म्हणजे रस्त्याची डावी-उजवी कड. १०० मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांसह, दर ५ मीटरवर झाडं असतील तर एका बाजूला २१ आणि दोन्ही मिळून ४२. इथे हमखास येणारं चुकीचं उत्तर म्हणजे ४१. मूल आधी २० ची दुप्पट करतं, ४० येतात, आणि मग पाठ केलेला एक मिळवतं. खरं तर प्रत्येक बाजू ही वेगळी ओळ आहे आणि प्रत्येक ओळीला तिचं पहिलं झाड लागतं. क्रम पक्का: आधी एका ओळीचा हिशोब पूर्ण करायचा, मग दुप्पट.

आता याच्या शेजारी दुसरं गणित मांडा. रस्ता दुप्पट लांब झाला, २०० मीटर, आणि झाडं एकाच बाजूला आहेत. इथे ४२ म्हणणारी मुलं निघतात, आणि बरोबर उत्तर ४१ आहे. शंभर मीटरचे दोन रस्ते टोकाला टोक जोडले की पहिल्याचं शेवटचं झाड आणि दुसऱ्याचं पहिलं झाड एकाच खड्ड्यात येतात. दुप्पट गाळ्यांची होते, झाडांची होत नाही. ही दोन गणितं मी कायम जोडीने देते, कारण एकात ४२ बरोबर आणि ४१ चूक, दुसऱ्यात नेमकं उलटं. पाठ केलेला नियम इथे टिकत नाही, चित्र काढावंच लागतं.

ही चूक फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने देवळांच्या खांबांबद्दल लिहिताना नेमकं हेच नोंदवलं आहे. देऊळ रुंदीच्या दुप्पट लांब हवं असेल तर लांबीच्या बाजूला गाळे दुप्पट घ्यायचे. ज्यांनी खांबच दुप्पट केले त्यांचा एक गाळा जास्त झाला आणि देऊळ हवं त्यापेक्षा लांब झालं. समोर ६ खांब म्हणजे ५ गाळे, दुप्पट १० गाळे, म्हणून बाजूला ११ खांब हवेत. बारा केले की चुकलं. हे मी पालकांना आवर्जून सांगते. मोठमोठ्या देवळांचे खांब उभे करणारे जिथे चुकले, तिथे दहा वर्षांचं मूल चुकलं म्हणून त्याला निष्काळजी म्हणू नये.

दोरीचं गणित झाडांसारखं का नाही

दोरीत गाळा म्हणजेच वस्तू असते, म्हणून तुकडे विचारले की भागाकार हेच उत्तर. काप विचारले की एक कमी. इथपर्यंत मुलं पट्टीमुळे येतात. पुढे मात्र एक खोच आहे, आणि "काप म्हणजे तुकडे वजा एक" हे सूत्र पाठ करणारी मुलं तिथेच अडकतात.

५० मीटर दोरीतून ६ मीटरचे जास्तीत जास्त तुकडे कापायचे आहेत. ५० भागिले ६, भाग ८, बाकी २. तुकडे ८. काप किती? सूत्र सांगतं ७. सुतळी घेऊन करून बघा. सातवा काप दिल्यावर हातात ६ मीटरचे सात तुकडे असतात आणि ८ मीटरची एक दोरी उरते. तिच्यातून आठवा तुकडा वेगळा करायला आणखी एक काप लागतो, तेव्हा ते २ मीटर बाजूला पडतात. काप ८. सूत्र खोटं नाही. तुकडे खरं तर नऊ झाले, आठ हवे असलेले आणि एक उरलेला, आणि नऊमधून एक वजा केला की आठ. म्हणून दोरीच्या गणितात काप मोजण्याआधी बाकी शून्य आहे का, हे बघायलाच हवं. झाडांतही बाकी येते, पण तिथे ती निरुपद्रवी असते: १०० मीटरवर ६ मीटरचे १६ गाळे, झाडं १७, आणि शेवटचे ४ मीटर रस्ता मोकळा.

वेळेच्या गणितात हीच गोष्ट वेश बदलून येते. एका ओंडक्याचे ४ तुकडे करायला १२ मिनिटं लागतात, तर तशाच ओंडक्याचे ८ तुकडे करायला किती? त्रैराशिक मांडून २४ लिहिलं जातं. वेळ तुकड्यांना लागत नाही, कापांना लागतो. ४ तुकड्यांना ३ काप, म्हणजे एका कापाला ४ मिनिटं. ८ तुकड्यांना ७ काप, म्हणून २८ मिनिटं. दोरी दुमडून कापण्याचंही असंच आहे. मधोमध दुमडून घडीच्या मध्ये एकदा कात्री चालवली की तुकडे तीन होतात, कारण कात्री एकदा चालली तरी दोरी दोन ठिकाणी कापली गेली. कात्री मोजू नका, दोरी किती ठिकाणी तुटली ते मोजा.

टोकच नसेल तर

गोल तळ्याभोवतीची झाडं, माळेतले मणी, शेताचं कुंपण. इथे फिरत फिरत आपण जिथून निघालो तिथेच येतो, त्यामुळे शेवटचा गाळा पहिल्या खांबावरच संपतो. खांब आणि गाळे सारखे. गाठ मारलेली दोरी तुकड्यांत कापायची तर काप आणि तुकडेही सारखेच.

एक कुंपण पूर्ण करून बघू. शेताचा तुकडा ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, चारही कोपऱ्यांवर खांब, दर ५ मीटरला एक. परिमिती १४०, गाळे २८, खांब २८. आता हेच मूल एकेका बाजूने करायला जातं: लांब बाजूवर ८ गाळे, ९ खांब, आखूड बाजूवर ६ गाळे, ७ खांब. ९ आणि ७, परत ९ आणि ७, एकूण ३२. कुठे चुकलं हे त्याला कळत नाही, कारण प्रत्येक बाजू सुटी बरोबर आहे. कागदावर आयत काढा आणि कोपऱ्यांवर गोल करा. प्रत्येक कोपऱ्यातला खांब दोन बाजूंमध्ये मोजला गेलाय. चार कोपरे, चार जास्त. ३२ मधून ४ गेले, २८.

एक गाळा फाटकासाठी मोकळा ठेवला तर? खांब २८ च, कारण फाटकाच्या दोन्ही कडांना खांब लागतातच. तारेचे गाळे मात्र २७. कुंपण आता बंद राहिलं नाही, फाटकाच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ती सरळ ओळच झाली, आणि सरळ ओळीत खांब एक जास्त.

इथे एक सावधगिरी. तुकडा ४२ मीटर गुणिले २८ मीटर असेल तर परिमिती तीच १४०, आणि ५ ने भागलं की परत २८. पण ४२ ला ५ ने भाग जात नाही, त्यामुळे एका कोपऱ्यातून मोजत निघालात तर पुढच्या कोपऱ्यावर खांब येत नाही, तो २ मीटर अलीकडे पडतो. सगळ्या कोपऱ्यांवर खांब हवे असतील तर अंतर दोन्ही बाजूंना भागणारं हवं. ७ मीटर घेतलं तर ६, ४, ६ आणि ४ असे २० गाळे, आणि २० खांब. परिमिती भागली जाते एवढ्यावर थांबायचं नाही, दोन्ही बाजू स्वतंत्र तपासायच्या.

"पहिल्यापासून पाचव्यापर्यंत"

गाडी पहिल्या खांबापासून पाचव्या खांबापर्यंत २० सेकंदांत जाते, तर पहिल्यापासून दहाव्यापर्यंत किती वेळात? पाचाचे दहा झाले म्हणून ४० लिहितात. पाचव्यापर्यंत गाळे ४, एका गाळ्याला ५ सेकंद. दहाव्यापर्यंत गाळे ९, म्हणून ४५. क्रमांक खांबांचे असतात, वेळ गाळ्यांना लागतो.

हे मुलांना गणपतीवरून लगेच कळतं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती बसतात, अनंत चतुर्दशीला विसर्जन. १४ वजा ४, दहा. मग काही घरांत दहा दिवसांचा गणपती म्हणतात आणि काही घरांत अकरा दिवसांचा, ते का? तिथीचा क्षय किंवा वृद्धी नसेल तर चतुर्थी धरून, चतुर्दशी धरून आरतीचे दिवस अकरा येतात. मधल्या रात्री दहा. सहलीच्या जाहिरातीतलं "तीन रात्री, चार दिवस" हेही तेच. पुस्तकाचं पान २५ ते पान ४० वाचायचं, तर पानं १६, कारण पंचविसावंही वाचायचंच आहे.

चुकलेलं उत्तर वाचता येतं

मूल एकाने चुकलं की नुसती फुली मारू नका, कोणत्या बाजूने चुकलं ते बघा. दोन्ही टोकांना झाडं असताना २० लिहिलं, तर भागाकाराच्या पुढे शब्द लिहिलेला नाही. पट्टी परत काढा, बोट शून्यावर आहे ना ते पाहा. दोन्ही बाजूंच्या गणितात ४१ आलं, तर बाजू आणि टोक यांची सरमिसळ झाली आहे. रस्त्याच्या दोन समांतर रेघा काढून दोन्हींवर झाडं लावायला सांगा. कुंपणात २९ आलं, तर सरळ रस्त्याचा नियम गोलावर चालवला आहे. ३२ आलं, तर कोपरे दोनदा मोजलेत. दोरीच्या कापांत बाकी असूनही एक वजा केला असेल, तर सुतळी आणि कात्री द्या.

आणि उलटं गणित आठवड्यातून एकदा तरी घाला: रस्त्याच्या कडेला, दोन्ही टोकांसह, ३० झाडं आहेत, दोन झाडांत ५ मीटर अंतर, तर रस्ता किती लांब? १५० लिहिलं तर झाडांनाच गाळे समजलं. १५५ लिहिलं तर "एक मिळवा" अजून डोक्यातून गेलेला नाही. अशा वेळी मोठा आकडा झाकून मी फक्त तीन झाडं ठेवायला सांगते. बाकावर तीन खोडरबर, मध्ये दोन मोकळ्या जागा, प्रत्येकी ५, म्हणजे १०. तीन झाडांना दोन गाळे, मग तिसांना एकोणतीस, आणि रस्ता १४५ मीटर. त्या मुलीने हे गणित केलं तेव्हा वहीत आधी "२९ गाळे" असं लिहून त्याखाली रेघ मारली होती.